सत्तर ग्रॅमचे छप्पन्न ग्रॅम: सोनेतारणाच्या पावतीवर झालेली आमची फसवणूक

१२ जून २०२४ रोजी मी ऐरोलीतील एका सोनेतारण कर्ज देणाऱ्या खाजगी वित्तसंस्थेच्या शाखेतून २ लाख ५० हजार रुपयांचे कर्ज घेतले. मुलाच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशाची फी आणि वसतिगृहाचे पैसे एकाच आठवड्यात भरायचे होते आणि आमची मुदत ठेव ऑक्टोबरमध्ये संपणार होती, त्यामुळे चार महिन्यांपुरते दागिने ठेवावेत असे माझ्या यजमानांनी आणि मी ठरवले. चार महिन्यांनी कर्ज फेडले आणि दागिने जसेच्या तसे परत मिळाले, हे सुरुवातीलाच सांगते. सोन्याला कोणी हात लावला नाही. फसवणूक झाली ती कागदावर, आणि त्या कागदावर माझी सही आहे.

मी प्रथम दोनच दागिने नेले होते, पाटल्यांची जोडी आणि मंगळसूत्र. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही एकत्रच काट्यावर ठेवले, आकडा संगणकात भरला आणि पुढच्याच क्षणी म्हणाली, "मॅडम, यावर १ लाख ९७ हजारच बसतात. अजून एखादा दागिना आहे का?" मला अडीच लाखांची निकड होती, म्हणून मी रिक्षाने घरी गेले आणि सासूबाईंची बोरमाळ घेऊन आले. ती बोरमाळ त्यांच्या लग्नातली आहे, आणि ती कपाटातून काढताना त्या काहीच बोलल्या नाहीत, हे मला अजून आठवते. तिन्ही दागिने पुन्हा एकत्र काट्यावर गेले. काट्याने बरोबर ७०.०० ग्रॅम दाखवले, आणि घरात आपण म्हणतो तसे सात तोळे सोने आहे हे मीही पाहिले. कर्ज बसले, अर्ध्या तासात रक्कम खात्यात आली आणि मी समाधानाने घरी परतले.

तारणाच्या पावतीवर तिन्ही दागिन्यांसाठी मिळून एकच ओळ होती: दागिने नग ४, एकूण वजन ७०.००, वजावट १४.००, निव्वळ वजन ५६.००, शुद्धता २० कॅरेट, दर ६,००० रुपये, मूल्य ३,३६,००० रुपये. ही ओळ मी त्या दिवशी वाचली होती. मंगळसूत्रात काळे मणी आहेत आणि बोरमाळेच्या मण्यांत लाख आहे हे मला माहीत होते, त्यामुळे वजावट होणारच असे धरून मी सही केली. वजावट व्हायला हवीच, यात वादच नाही. मणी, खडे, मोती, लाख आणि दोरा यांवर कोणी कर्ज देत नाही आणि देऊही नये. वजावट कशाची आणि किती, हे मात्र मी विचारले नाही.

ते विचारले आमच्या मामांनी, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या भावाने. ठाण्यात जांभळी नाक्याजवळ एका सराफाच्या पेढीवर त्यांनी तीस वर्षे कारागिरी केली आहे. कर्ज फेडून दागिने घरी आणल्यावर ते सहज भेटायला आले होते, आणि पावती हातात घेताच म्हणाले, "सूनबाई, सत्तराला चौदा. हे वजन नाही, हा टक्का आहे." मणी आणि लाख खरोखर हिशेबात धरली असती तर वजावटीचा आकडा १२.३५ किंवा ७.८० असा काहीतरी आडवातिडवा आला असता. सत्तरच्या बरोबर वीस टक्के येण्याचे कारणच नव्हते. शाखेत संगणकाला वीस टक्के वजावट आधीच सांगून ठेवलेली होती, आणि ती पाटल्यांनाही लागली होती, ज्यांत एकही खडा नाही, मणी नाही, लाख नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मामांच्या ओळखीच्या पेढीवर जाऊन प्रत्येक दागिना वेगळा तोलला. पाटल्या ३०.२० ग्रॅम भरल्या आणि २०२२ सालच्या खरेदीच्या बिलातही तेवढाच आकडा होता. मंगळसूत्र २४.६० भरले, आणि त्याच्या जुन्या बिलावर सराफाने निव्वळ सोने २१.५० असे वेगळे लिहिलेले होते, म्हणजे काळे मणी आणि दोरा मिळून ३.१० ग्रॅम. बोरमाळ १५.२० भरली. तिच्यातली लाख न फोडता तंतोतंत मोजता येत नाही, पण मण्यांचा आकार आणि पत्र्याची जाडी पाहून मामांनी आणि त्या पेढीवरच्या कारागिरांनी ती ४.७० ग्रॅमच्या आसपास धरली, म्हणून तिचे सोने १०.५० ग्रॅम. म्हणजे तिन्ही दागिन्यांत मिळून निव्वळ सोने ६२.२० ग्रॅम होते आणि खरी वजावट ७.८० ग्रॅम इतकीच होती.

शुद्धतेचेही तसेच झाले. पाटल्यांच्या आतल्या बाजूला भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, 22K916 हा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांची ओळखसंख्या आहे. भिंगातून ती स्पष्ट वाचता येते आणि ब्युरोच्या ॲपवर टाकली की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. मंगळसूत्रावरही ९१६ चा शिक्का आहे. फक्त बोरमाळ जुनी, शिक्क्याविना आहे, आणि कसोटीवर तिचा कस २० कॅरेटच्या जवळ आला. शाखेने त्या एका बोरमाळेचा कस तिन्ही दागिन्यांना लावला. तोही तपासून लावला असे म्हणता येणार नाही, कारण माझ्यासमोर ना कसोटीच्या दगडावर रेघ ओढली गेली, ना आम्ल लावले गेले, ना कोणत्या यंत्रात दागिना ठेवला गेला. पाटल्यांवरचा शिक्का पाहायला भिंगसुद्धा कोणी उचलले नाही.

आता याचा पैशांत हिशेब मांडते. त्या आठवड्यात २२ कॅरेटचा दर ग्रॅमला सुमारे ६,६०० रुपये होता, आणि त्याच प्रमाणात २० कॅरेटचा ६,००० रुपये, म्हणजे शाखेने धरलेला दर चुकीचा नव्हता. तो लावला गेला चुकीच्या वजनाला आणि चुकीच्या कसाला. पाटल्या आणि मंगळसूत्र यांचे मिळून २२ कॅरेटचे ५१.७० ग्रॅम सोने होते आणि त्याची किंमत ३,४१,२२० रुपये होते. त्या वेळच्या नियमाप्रमाणे अशा संस्थेला सोन्याच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के कर्ज देता येत होते, आणि या रकमेचे ७५ टक्के म्हणजे २,५५,९१५ रुपये. मला हवे होते अडीच लाख. याचा अर्थ मी सकाळी घेऊन गेले होते तेवढ्या दोन दागिन्यांवरच माझे कर्ज बसत होते. पहिल्या वेळी सांगितलेल्या १ लाख ९७ हजारांचा उगमही आता कळतो: दोन दागिन्यांच्या ५४.८० ग्रॅममधून वीस टक्के वजा, उरलेल्याला २० कॅरेटचा दर आणि त्याचे ७५ टक्के. सासूबाईंची बोरमाळ त्या दिवशी कपाटातून निघण्याची गरजच नव्हती.

कोणी म्हणेल की दागिना तर अखंड परत मिळाला, मग पावतीवर कमी वजन लिहिल्याने काय बिघडले? मीही प्रथम असेच म्हटले होते. मामांनी तेव्हा शुद्ध सोन्याचा हिशेब करून दाखवला. आमच्या तिन्ही दागिन्यांत मिळून सुमारे ५६ ग्रॅम शुद्ध सोने आहे. पावतीवरच्या ५६ ग्रॅम निव्वळ वजनाला २० कॅरेट लावले तर शुद्ध सोने पावणेसत्तेचाळीस ग्रॅमपेक्षाही किंचित कमी भरते. म्हणजे सुमारे साडेनऊ ग्रॅम शुद्ध सोने पावतीवर कुठेच नव्हते. हप्ता चुकून लिलावाची वेळ आली असती, तर राखीव किंमत याच नोंदीवरून ठरली असती, आणि लिलावातून कर्ज वळते झाल्यावर उरणारी जी रक्कम कर्जदाराला परत करावी लागते तिचा हिशेबही याच ओळीवरून झाला असता. त्या साडेनऊ ग्रॅमांवर दावा सांगायला माझ्याकडे दुसरा कोणताही कागद नव्हता. एकत्र तोलल्यामुळे कोणत्या दागिन्याचे वजन किती, हेही त्यांच्या दप्तरी कुठेच नव्हते.

आणि लिलावाची भाषा खरोखर आली. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचे आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले आणि तीन-चार दिवसांत सोन्याचा भाव झपाट्याने उतरला. २७ जुलैला मला संदेश आला की तारणाच्या किमतीच्या तुलनेत कर्ज मर्यादेबाहेर गेले आहे, किमान १६,००० रुपये तातडीने भरावेत, अन्यथा लिलावाची कार्यवाही सुरू होईल. मी घाबरले आणि २९ जुलैला सोमवारी पैसे भरले. भाव उतरलेला दिसतच होता, त्यामुळे संदेश खोटा आहे असे मानायला मला जागा नव्हती. आता तो हिशेब पुन्हा मांडला तर वेगळे दिसते. त्या दिवशी २२ कॅरेटचा दर ६,२४० च्या आसपास होता. पावतीवरच्या वजनाला आणि कसाला तो लावला तर तारणाची किंमत सुमारे ३ लाख १७ हजार होते आणि व्याजासह कर्ज तिच्या ८० टक्क्यांवर जाते. खऱ्या वजनाला आणि खऱ्या कसाला लावला तर किंमत ३ लाख ८२ हजार होते आणि तेच कर्ज ६७ टक्क्यांच्या आत राहते. म्हणजे तिन्ही दागिने त्यांच्या तिजोरीत असताना तो संदेश मला येण्याचे कारणच नव्हते. केवळ पाटल्या आणि मंगळसूत्रावर कर्ज घेतले असते तर जुलैत मर्यादा खरोखरच ओलांडली गेली असती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण मग बोरमाळ नेऊन द्यायची की रोख भरायचे, हे आम्ही ठरवले असते.

व्याजाचा भाग पावतीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत होता. दारातल्या फलकावर आणि मला दिलेल्या पत्रकावर दरमहा ०.९९ टक्के असे होते, त्यामुळे वर्षाला ११.८८ टक्के आणि चार महिन्यांचे साधारण ९,९०० रुपये, असा हिशेब मी मनाशी केला होता. करारात मात्र मूळ दर वार्षिक २४ टक्के होता, आणि व्याज दर ३० दिवसांच्या आत भरल्यास १२.१२ टक्क्यांची सूट होती. व्याज ३० दिवसांहून अधिक थकले तर १५ टक्के, ६० दिवसांनंतर १८ आणि ९० दिवसांनंतर पूर्ण २४. यातले एक वाक्य मी प्रत्येकाला बोट ठेवून वाचायला सांगेन: वाढलेला दर त्या दिवसापासून पुढे लागत नाही, तो कर्ज घेतलेल्या पहिल्या दिवसापासून लागतो. व्याज शेवटी मुद्दलासह एकदम भरले तरी चालेल, असे मला शाखेत तोंडी सांगितले गेले होते, आणि ते चालतही होते. पण तसे करणाऱ्याला फलकावरचा दर कधीच मिळू शकत नव्हता, हे कोणी सांगितले नाही.

यातही जुलैत भरलेल्या १६,००० रुपयांचे जे झाले ते मला सर्वांत जास्त लागले. भरणा केलेली रक्कम आधी थकलेल्या व्याजात आणि उरलेली मुद्दलात जमा करण्याची सर्वसाधारण रीत आहे. माझ्या पावतीवर सगळी रक्कम मुद्दलात जमा दाखवली होती. मुद्दल कमी झाले म्हणजे आपला फायदाच झाला असे वरवर वाटते. पण त्यामुळे व्याज एक रुपयाही भरलेले नाही अशी नोंद राहिली आणि थकबाकीचे दिवस १२ जूनपासून मोजले जात राहिले. १० ऑक्टोबरला मी कर्ज फेडायला गेले तेव्हा १२० दिवस झाले होते आणि पूर्ण काळाला २४ टक्के लागले. पहिल्या ४७ दिवसांचे अडीच लाखांवर ७,७२६ रुपये आणि पुढच्या ७३ दिवसांचे २ लाख ३४ हजारांवर ११,२३२ रुपये, असे एकूण १८,९५८ रुपये व्याज मी भरले.

तेच १६,००० त्यांच्याच कराराप्रमाणे आधी व्याजात घेतले असते, तर २९ जुलैपर्यंतचे व्याज १५ टक्क्यांनी ४,८२९ रुपये चुकते झाले असते आणि उरलेले ११,१७१ रुपये मुद्दलातून कमी झाले असते. पुढे ७३ दिवसांचे व्याज थकले, म्हणून त्या काळाला १८ टक्के, म्हणजे ८,५९८ रुपये. एकूण १३,४२७ रुपये. यजमानांनी हा हिशेब एका कागदावर उतरवून काढला, आणि ५,५३१ रुपयांचा फरक समोर आला. दर महिन्याला व्याज भरले असते तर याहूनही कमी लागले असते, पण तो माझा निष्काळजीपणा होता आणि त्याचा भार मी संस्थेवर टाकत नाही.

आम्ही तक्रार लेखी दिली, त्यावर शाखेचा पोचशिक्का घेतला, आणि तिन्ही दागिन्यांची वेगवेगळी वजने, दोन्ही बिलांच्या प्रती आणि व्याजाचा हिशेब जोडला. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा "सिस्टीमनेच काढले आहे" असे सांगितले. त्यांच्याकडून ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे तक्रार नोंदवता येते, हे आम्ही अर्जातच लिहिले होते. पंचविसाव्या दिवशी ५,५३१ रुपये खात्यात परत आले. वजन आणि कस यांबद्दल मात्र उत्तरात एवढेच होते की मूल्यांकन संस्थेच्या धोरणाप्रमाणे झाले आणि कर्जदाराने सही करून ते मान्य केले. कर्ज संपलेले होते, दागिने घरी होते, आणि माझ्या सहीपुढे मला काही बोलता आले नाही.

माझ्या कर्जानंतर नियम बदलले आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जासोबत मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यावे लागते आणि त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहावा लागतो. फलकावरचा मासिक आकडा बाजूला ठेवून तोच दर पाहावा. रिझर्व्ह बँकेने ६ जून २०२५ रोजी सोने आणि चांदीच्या तारणावरील कर्जांसाठी नवे निर्देश काढले, आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही शेवटची तारीख दिली. त्यांनुसार दागिन्यांची पारख कर्जदाराच्या उपस्थितीत व्हायला हवी, खडे-मणी यांची वजावट समजावून सांगायला हवी, आणि कॅरेट, एकूण वजन, निव्वळ वजन, वजावट, दागिन्याचे छायाचित्र आणि किंमत असलेले प्रमाणपत्र द्यायला हवे. घरगुती खर्चासाठीच्या कर्जांची मर्यादाही बदलली असून अडीच लाखांपर्यंत ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यापुढे ७५ टक्के आहे. मुदतीअखेर एकदम फेडायच्या कर्जात मात्र हे प्रमाण शेवटी फेडायच्या एकूण रकमेवर, म्हणजे व्याज धरून, काढले जाते. ८५ टक्के ऐकायला बरे वाटते, पण २०२४ च्या जुलैसारखा भाव उतरला तर मधली जागा फारच थोडी उरते, म्हणून मिळते तेवढे सगळे उचलू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या धाकट्या जाऊबाई कोपरखैरणेला राहतात. गेल्या महिन्यात त्यांना दुकानासाठी कर्ज हवे होते, तेव्हा मी त्यांच्यासोबत गेले. निघण्यापूर्वी आम्ही ओळखीच्या सराफाकडे प्रत्येक दागिना वेगळा तोलून त्याच्या चिठ्ठीवर वजने लिहून घेतली आणि शिक्क्यांचे फोटो काढले. शाखेत काटा रिकामा असताना शून्य दाखवतो आहे हे आधी पाहिले, आणि मग एकेक दागिना वेगळा ठेवायला सांगितला. अधिकारी म्हणाले, "ताई, एकत्र केले तरी तेच येते." मी म्हटले, "एकूण तेच येईल, पण वजावट कोणत्या दागिन्याची ते कळणार नाही. प्रत्येकाची वेगळी ओळ लिहा, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो." त्यांनी थोडा वेळ घेतला आणि पाच दागिन्यांच्या पाच ओळी छापून दिल्या. साध्या बांगड्यांच्या ओळीत वजावटीच्या रकान्यात ०.०० होते. ते पाहिल्यावर मी जाऊबाईंना पेन दिले.